पाकिटाचा फोटो आहे, पण गोळी किती द्यायची?

ताई, नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, वजन २४ किलो. तिला दोन वर्षांपासून फिट येतात. एकटक बघत राहते, ओठ चघळल्यासारखे हलवते, हाक मारली तर ओ देत नाही. दोनदा त्यापुढे जाऊन सगळं अंग आखडलं आणि झटके आले. गोळी दिवसातून तीनदा असते, दुपारची शाळेत घ्यावी लागते. मी शाळेतल्या सिस्टरना पत्र लिहिलं. सगळ्या औषधांचे फोटो काढून चिकटवले आणि खाली वेळा लिहिल्या: "फोटो १, कार्बामाझेपिन २००, अर्धी गोळी, सकाळ-दुपार-रात्र. फोटो २, नाकातला स्प्रे, फिट आली तर. फोटो ३, तापाचं औषध, ताप आला तर एक चमचा." आठवड्याच्या अर्ध्या गोळ्या तोडून कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. सिस्टरनी पत्र आणि पुडी दोन्ही परत पाठवलं. "यावरून मी औषध देऊ शकत नाही," एवढंच म्हणाल्या. मला फार लागलं. एवढं करूनही काय राहिलं?
– एक आई

*

तुमचं पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मीही ते परत पाठवलं असतं. मी बावीस वर्षं शाळेत सिस्टर होते. फक्त मी सोबत कारणांची चिठ्ठी जोडली असती. त्यांनी ती जोडली नाही, म्हणून ती मी आता लिहिते.

सुरुवात पुडीपासून करू, कारण सिस्टरनी सगळ्यात आधी तीच बघितली असणार. पुडीत सात-आठ पांढरे अर्धे तुकडे. त्यांच्यावर नाव नाही, मुदत नाही. ते कार्बामाझेपिनचेच आहेत हे तुम्हाला माहीत आहे, पण त्यांना ते कशावरून कळावं? शेजारी चिकटवलेल्या फोटोवरून कळत नाही. फोटोत पाकीट आहे आणि पुडीत तुकडे आहेत, दोघांना जोडणारं काहीच नाही. शाळेतल्या सिस्टरला ओळख न पटणारी गोळी मुलाच्या तोंडात घालता येत नाही. तिथे तुमच्यावर विश्वास आहे की नाही हा मुद्दाच नसतो.

पुडीचं दुसरं दुखणं खास याच औषधाचं आहे. कार्बामाझेपिनच्या गोळीला दमट हवा सोसत नाही. ओल शोषली की गोळी कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि औषध रक्तात कमी उतरतं. दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त घटू शकतो, असा इशारा या औषधाच्या बाबतीत दिला जातो. म्हणजे मुलगी रोज वेळेवर गोळी घेते आहे, तरीही फिट येते, आणि आपण डोस वाढवायच्या विचारात पडतो. गोळी पाकिटातून निघाली की ती घेण्याचीच वेळ असली पाहिजे. आठवडाभर आधी तोडून ठेवायची नाही. (औषधाची डबी न्हाणीघरातल्या कपाटात ठेवायची सवय असेल तर तीही आजच मोडा.)

आता त्या 'अर्धी'बद्दल. पत्रात 'अर्धी गोळी' आहे आणि पाकिटावर '२००' आहे. दोन्ही खरं आहे, पण डोस शंभर मिलिग्रॅम आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. रोजच्या सिस्टर रजेवर गेल्या आणि बदली सिस्टर आल्या, की त्यांचा डोळा आधी फोटोवर जातो. फोटोत मोठ्या अक्षरांत २०० दिसतं आणि त्या एक पूर्ण गोळी देतात. याच्या उलट मी स्वतः केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलासाठी 'अर्धी गोळी' असं लिहून आलं होतं. आईने मध्येच शंभरचं पाकीट आणलं, तेच शाळेत पाठवलं, पण पत्र जुनंच राहिलं. मी पत्राप्रमाणे अर्धी देत राहिले. मुलाला चार दिवस दुपारचे पन्नासच मिलिग्रॅम मिळत होते आणि पाचव्या दिवशी वर्गात फिट आली. तेव्हापासून मी 'किती गोळ्या' हे दुसऱ्यांदा वाचते. आधी वाचते ते 'किती मिलिग्रॅम'.

म्हणून डोस दोन्ही प्रकारे लिहा, मिलिग्रॅम आधी आणि गोळ्या नंतर: "१०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० च्या गोळीची अर्धी." दोन्ही आकडे जुळले नाहीत तर वाचणारा थांबतो, आणि त्याने थांबावं हेच आपल्याला हवं असतं. त्याहून बरा मार्ग म्हणजे हा अर्ध्याचा प्रकारच बंद करणं. कार्बामाझेपिनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांना विचारून शाळेसाठी त्याच लिहून घ्या. अख्खी गोळी, बंद पाकीट, ना तोडणं ना पुडी. घरी दोनशेची अर्धी चालू ठेवायची की घरीही शंभरचीच आणायची, हेही त्यांनाच विचारा. मी विचाराल तर म्हणेन, घरीही शंभरचीच, म्हणजे कुठे काय आहे हा गोंधळ उरत नाही.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. या औषधाच्या काही गोळ्यांच्या नावापुढे सीआर, एसआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतात. त्या गोळ्या औषध हळूहळू सोडतात. त्या कुटायच्या किंवा चावायच्या नसतात. कुटल्या तर तासन्‌तास पुरायचं औषध एकदम सुटतं. त्यातल्या काही कंपन्यांच्या गोळ्या मधल्या रेघेवर तोडता येतात, काहींच्या तोडायच्याच नसतात. हे नुसतं बघून कळत नाही, औषध देणाऱ्यालाच विचारावं लागतं. साधी गोळी आणि सीआर गोळी, दोन्हींवर '२००'च असतं आणि पाकिटंही पुष्कळदा सारखीच दिसतात. दुकानातून चुकून एकाऐवजी दुसरी आली तर ती अक्षरंच काय ती आपल्याला सांगतात. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्या पाकिटावर तिथे फ्लॅशचा पांढरा चट्टा आहे. ती अक्षरं आहेत की नाहीत, हे मला कळलं नाही. सिस्टरनाही कळलं नसणार.

तेव्हा फोटोकडे येऊ. फोटो वाया नाहीत, चांगलीच कल्पना आहे. फक्त फोटो डोस सांगत नाही, वेळ सांगत नाही. हातातलं पाकीट आणि पत्रातलं पाकीट एकच आहे का, एवढंच तो पडताळून देतो. त्या कामाचा व्हायचा असेल तर तो तसा काढला पाहिजे. पाकीट गडद, न चमकणाऱ्या कापडावर ठेवा. फ्लॅश बंद करा आणि खिडकीच्या उजेडात किंचित तिरपं धरून काढा, म्हणजे चांदीवर चकाकी येत नाही. दोन फोटो लागतात. एक मागच्या, छपाईच्या बाजूचा आणि एक पुढचा, ज्यात गोळीचा रंग आणि आकार दिसतो. पाकीट नवं कोरं हवं. चार गोळ्या काढल्या की चांदी फाटते आणि नावाचे तुकडे होतात. तुमच्या पहिल्या फोटोत 'कार्बा' आहे, मग भोक आहे, मग 'पिन' आहे. फोटो काढून झाला की तो मोठा करून स्वतः मोठ्याने वाचा. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, पुढची अक्षरं, बॅच क्रमांक, मुदत. यातलं एकही वाचताना अडखळलात तर फोटो पुन्हा काढा.

मुदत बहुतेक पाकिटांवर एकाच टोकाला ठसवलेली असते. म्हणून गोळ्या नेहमी दुसऱ्या टोकाकडून काढायच्या, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत मुदत शाबूत राहते. दुकानदार पाकीट कापून देत असेल तर शाळेसाठी मुदतीचं टोक मागून घ्या किंवा अख्खंच पाकीट घ्या.

आणि हे सगळं छापून द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो सिस्टरच्या फोनमध्ये इतर निरोपांखाली गाडला जातो, शिवाय पाठवताना त्याची अक्षरं पुसट होतात. काही पालक तो वर्गाच्या ग्रुपवरच टाकून मोकळे होतात. मुलीला काय आजार आहे हे चाळीस घरांत कळायचं काही कारण नाही.

आता वेळ. 'दुपार' ही वेळ नव्हे. बारा म्हणजे दुपार आणि साडेतीन म्हणजेही दुपारच. सिस्टरच्या नोंदवहीत घड्याळाचा आकडा लागतो. पण नुसता दुपारचा आकडाही पुरत नाही, कारण त्याला सकाळचा आकडा जोडलेला असतो. सकाळची गोळी ७:०० ला, दुपारची १:३० ला, रात्रीची ९:०० ला असं तुमचं ठरलेलं असेल, आणि एखाद्या दिवशी उठायला उशीर होऊन सकाळची ९:३० ला गेली, तर १:३० ची चार तासांतच पडते. तसं झालं तर काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून एका ओळीत लिहून ठेवा. सिस्टरला तो निर्णय घेता येत नाही आणि दर वेळी डॉक्टर फोनवर सापडत नाहीत. अशा अजून दोन ओळी डॉक्टरांकडून आणा. दुपारची गोळी राहून गेली तर किती वाजेपर्यंत चालेल? आणि गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायची का? उत्तर काहीही असो, चुकलेली भरून काढायला दोन गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, हे मात्र पत्रात स्पष्ट लिहा. शाळा अर्धा दिवस असते त्या दिवशी दुपारची गोळी घरी की शाळेत, हेही लिहा. मी पाहिलेल्या दुहेरी डोसांपैकी बरेचसे अशाच दिवशी झाले. सिस्टरने शाळा सुटायच्या आधी गोळी देऊन पाठवलं आणि घरी गेल्यावर आईने आठवणीने पुन्हा दिली.

तुमच्या पत्रात जे मुळीच नाही आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ते म्हणजे घरी चालू असलेली बाकीची औषधं. पालकांना वाटतं, शाळेत द्यायचं तेवढंच शाळेला सांगायचं. कार्बामाझेपिनच्या बाबतीत हे फार महागात पडू शकतं. हे औषध यकृतात मोडलं जातं, आणि काही औषधं यकृताचं ते काम अडवतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही दोन अँटिबायोटिक त्यातली नेहमी भेटणारी. खोकला-घशासाठी ती मुलांना दिली जातात. ती सुरू झाली की कार्बामाझेपिनचा डोस तोच राहतो, पण रक्तातलं प्रमाण एक-दोन दिवसांत चढत जातं.

हे कसं दिसतं ते सांगते. नऊ वर्षांचा एक मुलगा, डोस वर्षभर तोच. एका सकाळी वर्गशिक्षिका त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. तो भिंतीला हात लावत चालत होता. "फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात," म्हणाला. मळमळत होतं, डोळ्यांवर झोप होती. शिक्षिकेला वाटलं रात्री जागला असेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी त्याला माझं बोट धरून सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि त्याला ते जमेना. झोप न झालेलं मूल पेंगतं, पण असं झोकांड्या खात नाही. घरी फोन केला. तीन दिवसांपासून खोकल्यासाठी अँटिबायोटिक चालू होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं, आणि त्यांना फिटच्या गोळीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी दुपारची गोळी थांबवली, त्याच्या डॉक्टरांशी बोलले आणि त्याला दवाखान्यात पाठवलं. रक्ततपासणीत प्रमाण बरंच वर निघालं. माझ्याकडच्या पत्रात ते अँटिबायोटिक असतं तर मला ते पहिल्याच दिवशी कळलं असतं.

म्हणून पत्रात घरी दिली जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा. सर्दीचं सरबत, झोपताना दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी, जंताचं औषध, सगळं. पाच दिवसांसाठी काही सुरू झालं तर त्या पाच दिवसांपुरती चिठ्ठी पाठवा. आणि नवीन डॉक्टरकडे गेलात की आजार सांगायच्या आधी कार्बामाझेपिनचं पाकीट टेबलावर ठेवा.

आता स्प्रे. 'फिट आली तर' एवढ्यावर कुठलीही सिस्टर स्प्रे मारणार नाही. मारू नयेच. बऱ्याचशा फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. स्प्रे असतो तो न थांबणाऱ्या फिटसाठी. सर्वसाधारण नियम पाच मिनिटांचा आहे. झटके पाच मिनिटं होऊनही चालू असतील, किंवा शुद्धीवर न येता एकामागून एक येत असतील, तर स्प्रे. तुमच्या मुलीसाठी डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर ती लिहा. शिवाय तिच्या फिटचे दोन प्रकार तुम्ही मला इतके छान सांगितलेत, तेच सिस्टरना सांगितले नाहीत. एकटक बघणं आणि ओठ हलवणं सुरू झालं तर काय करायचं, आणि अंग आखडलं तर काय, हे वेगवेगळं लिहायला हवं.

आणि डोस. तुमच्या फोटोत स्प्रेच्या बाटलीचा पुढचा भाग आहे. मिडॅझोलॅम हे नाव दिसतं, पण एका फवाऱ्यात किती औषध येतं ते बाजूच्या बारीक अक्षरांत असतं, आणि ती बाजू फोटोत नाही. हे बारीक अक्षर फार मोठं आहे. मिडॅझोलॅमचे काही स्प्रे एका फवाऱ्यात अर्धा मिलिग्रॅम सोडतात आणि काही एकाच फवाऱ्यात पाच मिलिग्रॅम. डॉक्टर नाकातून देताना पुष्कळदा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरतात. २४ किलोला ते ४.८ होतं, म्हणजे जवळपास पाच. पहिल्या प्रकारच्या बाटलीतून पाच मिलिग्रॅम द्यायचे तर दहा फवारे मारावे लागतात, प्रत्येक नाकपुडीत पाच. दुसऱ्या प्रकारात एकच. आता विचार करा, बाटली बदलली आणि पत्र बदललं नाही तर काय होईल. एका बाजूने चूक झाली तर औषधाचा दहावा हिस्साच जाईल आणि फिट थांबणार नाही. दुसऱ्या बाजूने झाली तर दहापट जाईल आणि श्वास मंदावेल. तुमच्या मुलीचा नेमका डोस डॉक्टरांनीच लिहायचा आहे, माझा हिशोब फक्त फरक दाखवण्यापुरता. त्यांच्याकडून तिन्ही गोष्टी लिहून घ्या: एकूण मिलिग्रॅम, एका फवाऱ्यातले मिलिग्रॅम, आणि किती फवारे.

बाटलीबद्दल अजून एक. अनेकदा वापरता येणारी बाटली नवी असते तेव्हा तिचे पहिले काही फवारे रिकामे जातात, म्हणून आधी ते हवेत मारून ती चालू करून घ्यावी लागते. एकदाच वापरायच्या स्प्रेचं नेमकं उलट आहे. तो हवेत मारून बघितला की संपला. तुमचा कोणता आहे ते पत्रात लिहा. आणि तो कुठे ठेवणार हे सिस्टरशी बोलून ठरवा. औषध कुलपात हवं, पण किल्ली एकाच व्यक्तीच्या पर्समध्ये नको. मैदानावर किंवा सहलीला मुलगी जाईल तिथे स्प्रे कुणी न्यायचा, हेही त्याच वेळी ठरवा.

तापाच्या औषधावर फार लिहीत नाही. 'एक चमचा'मधून काही कळत नाही. पॅरासिटामॉलचं सरबत पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचंही असतं आणि २५० चंही. त्यामुळे मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि बाटलीवरचं प्रमाण तिन्ही लिहा, आणि चमच्याऐवजी मोजमापाची सिरिंज द्या. दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. आणि सकाळी घरी ताप उतरवून शाळेत पाठवलंत तर डोसची वेळ चिठ्ठीत असलीच पाहिजे, नाहीतर सिस्टर दहा वाजता पुन्हा देतील. खरं तर अशा दिवशी शाळेत पाठवू नका, पण ते तुम्हाला माहीत आहे आणि सुट्टी मिळत नाही हे मला माहीत आहे.

तुमच्या मजकुरावरून मी पत्र पुन्हा लिहून बघितलं. ठिपक्यांच्या जागा तुम्ही आणि डॉक्टरांनी भरायच्या. डॉक्टरांच्या सहीचा कागद सोबत लावा. तो नसेल तर कितीही चांगलं पत्र शाळेला स्वीकारता येत नाही.

"सिस्टर यांस,

(मुलीचा अलीकडचा फोटो इथे) नाव … , इयत्ता … , जन्मतारीख … , वजन २४ किलो, मोजल्याची तारीख … . औषधाची अ‍ॅलर्जी: … . आजार: फिट येणे.

शाळेत रोज द्यायचं: कार्बामाझेपिन, साधी गोळी, सीआर नाही. डोस १०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ची एक अख्खी गोळी, तोंडाने पाण्याबरोबर, दुपारी १:३० वाजता, खाल्ल्यावर. फोटो १ पुढून, फोटो २ मागून. राहून गेली तर … वाजेपर्यंत देता येईल, त्यानंतर देऊ नये, मला फोन करावा. दोन गोळ्या एकदम कधीही देऊ नयेत. गोळी घेतल्यावर … मिनिटांच्या आत उलटी झाली तर … . अर्ध्या दिवसाच्या शाळेत ही गोळी मी घरी देईन.

घरी देते: हेच औषध १०० मिलिग्रॅम सकाळी ७:०० आणि रात्री ९:०० ला. इतर काही नाही. सकाळची गोळी उशिरा दिली असेल तर त्या दिवशी वहीत वेळ लिहून पाठवीन आणि तसं झाल्यास … (डॉक्टरांची सूचना).

तिचा तोल जात असेल, दोन-दोन दिसत असेल, उलट्या होत असतील किंवा ती फार पेंगत असेल तर पुढची गोळी देण्याआधी मला आणि डॉक्टरांना फोन करावा.

फिट: एकटक बघणं, ओठ हलवणं, ओ न देणं. घड्याळ बघावं, जवळ थांबावं, धरून ठेवू नये, किती वेळ चाललं ते लिहावं. अंग आखडून झटके आले तर कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये. … मिनिटं होऊन थांबलं नाही, किंवा मध्ये शुद्ध न येता पुन्हा सुरू झालं, तर मिडॅझोलॅम नाकातला स्प्रे, एकूण … मिलिग्रॅम. या बाटलीच्या एका फवाऱ्यात … मिलिग्रॅम, म्हणून … फवारे, प्रत्येक नाकपुडीत … . फोटो ३ पुढून, फोटो ४ बाजूच्या अक्षरांचा. स्प्रे दिला की लगेच रुग्णवाहिका बोलवावी, श्वासावर लक्ष ठेवावं, मग मला फोन करावा. दुसरा डोस शाळेत देऊ नये.

ताप: … अंशांच्या वर असेल तर आधी मला फोन. मी होकार दिल्यास पॅरासिटामॉल … मिलिग्रॅम, … मिलिलिटर, सिरिंजने. फोटो ५.

सोबत दिलं: गोळ्यांचं १ बंद पाकीट, त्यात १० गोळ्या, मुदत …, स्प्रे १, मुदत …, सरबत १, मुदत ….

फोन: आई … , वडील … , डॉक्टर … . हे पत्र … तारखेपर्यंतच धरावं. सही, तारीख."

दोन गोष्टी तुम्हाला जास्तीच्या वाटतील, त्या मुद्दाम घातल्या आहेत. मुलीचा फोटो अशासाठी की बदली सिस्टरना मुलं ओळखता येत नाहीत, आणि एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली मी अनेकदा पाहिल्यात. गोळ्यांची संख्या अशासाठी की ती अधूनमधून मोजता येते. दहा दिल्या, सात शाळेचे दिवस झाले, तर तीन उरल्या पाहिजेत. चार उरल्या असतील तर एक दिवस गोळी गेली नाही. वही उघडा, कोणत्या दिवशी ते सापडेल.

पत्र घेऊन स्वतः जा आणि सिस्टरसमोर बसून त्यांना ते वाचू द्या. त्या कुठे थांबतात ते बघा. त्या जिथे थांबतील तिथलं वाक्य बदलायचं आहे. मधल्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा त्यांच्या दारात खरचटलेल्या गुडघ्यांची रांग असते.

आणि पुढच्या महिन्यात दुकानात दुसऱ्या कंपनीचं पाकीट मिळालं तर ते गुपचूप डब्यात सरकवू नका. फिटच्या औषधाची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नसतेच. त्यांनी हो म्हटलं तर नवे फोटो काढा, जुन्या फोटोंवर तिरपी रेघ मारून तारीख घाला, आणि शाळेतलं जुनं पाकीट त्याच दिवशी परत घरी आणा. दोन्ही पाकिटं एका कपाटात एक दिवसही राहायला नकोत.